विक्री कशामुळे हलली? लिस्टिंगच्या बदलांची तारीखवार नोंद

प्रश्न: अ‍ॅमेझॉनवर आम्ही स्टीलचा मसाल्याचा डबा विकतो. सप्टेंबर 2025 मध्ये आधी शीर्षक बदललं, मग मुख्य फोटो, मग किंमत 699 वरून 649 केली. विक्री एकदम वाढली आणि दिवाळीनंतर पुन्हा खाली आली. मी आणि माझा भाऊ, दोघंही लिस्टिंगला हात लावतो, त्यामुळे कोणत्या बदलानं काय झालं ते कळत नाही. जुना फोटो परत लावावा का? आणि पुढे असं होऊ नये म्हणून नोंद नेमकी कशी ठेवायची?

उत्तर:

जुना फोटो सध्या परत लावू नका. विक्री पडल्यावर घाईनं मागे फिरणं हाही एक बदलच असतो, आणि तो नोंदीशिवाय केला की आधीचा गुंता आणखी वाढतो. आधी नोंद कशी ठेवायची ते सांगतो, मग तुमच्याच सप्टेंबरवर ती चालवून दाखवतो. फोटोचं उत्तर त्यातूनच मिळेल.

नोंदीसाठी एक साधी गुगल शीट पुरते. एका ओळीत एकच बदल लिहायचा. शीर्षक आणि किंमत एकाच दिवशी बदलली तरी ओळी दोन. तुमच्या फोटोची ओळ अशी दिसेल:

```
सबमिट     : 2025-09-16 11:20
पानावर    : 2025-09-16 18:45
SKU       : MD-07
काय       : मुख्य फोटो
आधी       : MD07_main_v2.jpg
नंतर      : MD07_main_v3.jpg
कोणी      : भाऊ
अपेक्षा   : Sessions वाढतील, रूपांतर तेवढंच राहील
तपासणी    : 2025-09-30
```

शीटमध्ये हे सगळे आडवे रकाने असतील, इथे वाचायला सोपं जावं म्हणून उभे लिहिले आहेत. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, म्हणजे क्रमानं लावताना घोळ होत नाही. तारीख टाकायला `Ctrl+;` दाबा, आजची तारीख कायमची छापली जाते. काहीजण तिथे `=TODAY()` लिहितात. ते सूत्र रोज बदलतं, त्यामुळे महिन्याभरानं सगळ्या नोंदी आजच्याच तारखेच्या दिसतात आणि नोंद वाया जाते.

आता या रकान्यांपैकी चार असे आहेत की ज्यांत लोक हात आखडता घेतात, आणि नेमकं तिथेच पुढे अडतं.

पहिला, वेळेचे दोन रकाने. आपण `Save` दाबलं म्हणजे गिऱ्हाइकाला बदल दिसला असं नाही. किंमत लवकर बदलते, शीर्षक आणि फोटोला काही मिनिटांपासून एखाद्या दिवसापर्यंत किंवा त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो, आणि खालच्या सचित्र वर्णनाला, म्हणजे ए-प्लस मजकुराला, मंजुरीसाठी कामाचे सात दिवसही जाऊ शकतात. सबमिट केलेल्या तारखेपासून परिणाम मोजायला लागलात तर पहिले काही दिवस जुन्याच पानाचे आकडे नव्याच्या नावावर लागतात. म्हणून लॉगइन न केलेल्या ब्राउझरमधून, आणि एकदा मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून, पान उघडून बघा. बदल प्रत्यक्ष दिसला ती वेळ दुसऱ्या रकान्यात लिहा. कधीकधी तो दिसतच नाही: अ‍ॅमेझॉननं तुमचं शीर्षक स्वीकारलेलं नसतं. तेव्हा ‘लागू झाला नाही’ अशी नोंद करा, ओळ पुसू नका.

दुसरा, ‘आधी’ आणि ‘नंतर’. ‘शीर्षक सुधारलं’ असं लिहून काही उपयोग नाही. जुनं शीर्षक जसंच्या तसं एका खान्यात, नवं शेजारच्या खान्यात पेस्ट करा. फोटोच्या फाइलला क्रमांक द्या आणि जुनी फाइल कधीही तिच्याच नावानं नव्या फाइलखाली गाडू नका. मागे फिरायची वेळ आली तर ‘बहुतेक असंच होतं’ यावर काम चालत नाही. शीर्षकातला शब्दांचा क्रम बदलला तरी मोबाइलवर कुठे कापलं जातं ते बदलतं.

तिसरा, ‘कोणी’. तुमच्या घरात दोघंजण बदल करता, म्हणून हा रकाना तुमच्यासाठी अत्यावश्यक आहे. त्यासोबत एक नियम ठरवा: ओळ आधी लिहायची, बदल नंतर करायचा. शीट उघडल्यावर भावानं कालच किंमत बदलल्याचं दिसलं, तर तुम्ही शीर्षकाला आज हात लावणार नाही. नोंदीचा अर्धा फायदा असा बदल करण्याआधीच मिळतो.

चौथा रकाना ‘अपेक्षा’, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा हाच. तो भरायचा असेल तर विक्रीची साखळी डोक्यात स्पष्ट हवी. आधी तुमचा डबा शोधाच्या यादीत दिसतो. मग कुणीतरी त्यावर बोट ठेवतं. मग पान वाचून विकत घेतं किंवा निघून जातं. प्रत्येक बदल यातल्या एखाद्या कडीवर जोर टाकतो. शीर्षकातले शब्द, लपलेले शोधशब्द आणि वर्गवारी यांचा परिणाम मुख्यतः यादीत दिसण्यावर होतो. मुख्य फोटो यादीत दिसतो, म्हणून तो बोट ठेवण्यावर परिणाम करतो. आतले फोटो, मुद्दे आणि ए-प्लस मजकूर पानावर आल्यावरच दिसतात, म्हणून त्यांचा परिणाम खरेदीवर. किंमत मात्र यादीतही दिसते आणि पानावरही, त्यामुळे ती दोन्ही कड्या हलवते. म्हणूनच किंमत बदलताना दुसरं काहीही बदलू नये.

अपेक्षा आधी लिहून ठेवली की नंतर सोयीचं स्पष्टीकरण शोधता येत नाही. आतला एक फोटो बदललात आणि पानावर येणारी माणसंच दुप्पट झाली, तर ते त्या फोटोचं काम नाही. तो फोटो न आलेल्या माणसाला दिसलेलाच नाही. कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

या साखळीचे आकडे सेलर सेंट्रलच्या `Business Reports` मध्ये मिळतात. तिथला वस्तूनुसार असलेला अहवाल उघडा. तुम्हाला चार रकाने पुरतील: `Sessions` म्हणजे पानावरच्या भेटी, `Units Ordered` म्हणजे मागवलेले नग, `Unit Session Percentage` म्हणजे दर शंभर भेटींमागे किती नग गेले, आणि `Featured Offer Percentage` म्हणजे पान पाहिलं गेलं तेव्हा खरेदीचं मुख्य बटण किती वेळा तुमच्या नावावर होतं. यातल्या तिसऱ्याला मी पुढे रूपांतर म्हणणार आहे. एक अडचण ध्यानात ठेवा: हा अहवाल तुम्ही निवडलेल्या पूर्ण कालावधीची एकच बेरीज देतो. सप्टेंबर महिना निवडला तर महिन्याची एक ओळ येते, आणि 16 तारखेच्या आधी-नंतर काय झालं ते त्यात दिसत नाही. म्हणून दर सोमवारी मागच्या सोमवार ते रविवारचा अहवाल उतरवून शीटच्या दुसऱ्या पानावर डकवा. आठवडा नेहमी पूर्ण घ्या, कारण शनिवार-रविवारची खरेदी आणि मंगळवारची खरेदी सारखी नसते.

शीटचं तिसरं पान असतं तुम्ही न केलेल्या बदलांचं. हे पान नसेल तर पहिलं पान दिशाभूल करतं, कारण मग प्रत्येक चढउताराचं कारण तुमच्याच बदलांत शोधलं जातं. यात काय लिहायचं? सेल सुरू-बंद झाल्याच्या तारखा, सण, माल संपल्याचे दिवस, नवा एकतारा रिव्ह्यू वर येऊन बसला तो दिवस, स्पर्धकानं किंमत पाडली तो दिवस, जाहिरातीचं बजेट बदललं तो दिवस. जाहिरातीच्या मोहिमेत `History` नावाचा टॅब असतो, तिथून तारखा मिळतात. डिलिव्हरीची तारीखही यात येते. तुमचा माल अ‍ॅमेझॉनच्या गोदामात असेल आणि महाराष्ट्रातल्या गोदामातला साठा संपला, तर पुण्याच्या गिऱ्हाइकाला ‘उद्या’ ऐवजी चार दिवसांनंतरची तारीख दिसू शकते. लिस्टिंगचं एक अक्षर न बदलता रूपांतर खाली येतं. आठवड्यातून एकदा ठरलेल्या तीन पिनकोडवर, समजा 411038, 440010 आणि 560001, डिलिव्हरीची तारीख बघून लिहीत जा.

आणखी एक बदल तुमच्या नकळत होतो. अ‍ॅमेझॉनवर वस्तूचं पान एकाच विक्रेत्याच्या मालकीचं नसतं. त्याच पानावर दुसरा विक्रेता असेल तर त्याची माहितीही स्वीकारली जाऊ शकते, आणि अ‍ॅमेझॉन स्वतःही शीर्षक किंवा वर्गवारी बदलू शकतं. म्हणून दर सोमवारी पानाचं शीर्षक आणि मुद्दे कॉपी करून शीटमध्ये ठेवा आणि मागच्या आठवड्याच्या मजकुराशी `=EXACT(B2,C2)` नं ताडून बघा. `FALSE` आलं आणि पहिल्या पानावर तुमची ओळ नसेल, तर बदल दुसऱ्या कुणीतरी केला आहे. पान पीडीएफ करून तारखेच्या नावानं ठेवलं तर फोटोंचा क्रमही टिकून राहतो.

आता तुमचा सप्टेंबर. तुमचे आकडे माझ्यासमोर नाहीत, म्हणून समजण्यापुरते आकडे मी धरलेले आहेत. तुमच्या बदलांचे दिवसही मी धरले आहेत: शीर्षक 9 सप्टेंबरला, फोटो 16 ला, किंमत 22 ला. सणांच्या आणि सेलच्या तारखा मात्र खऱ्या आहेत, आणि त्याच सगळ्यात बोलक्या आहेत.

त्या वर्षी अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला होती. लगेच 8 पासून 21 पर्यंत पितृपक्ष. आपल्याकडे बरीच कुटुंबं त्या पंधरवड्यात नवी भांडी घेत नाहीत. 22 सप्टेंबरला घटस्थापना. त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या भांड्यांवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. आणि त्याच दिवशी अ‍ॅमेझॉनचा ग्रेट इंडियन फेस्टिव्हल प्राइम सभासदांसाठी खुला झाला, 23 ला सगळ्यांसाठी. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही किंमत उतरवलीत, त्याच दिवशी पितृपक्ष संपलेला, कर उतरलेला आणि सेल सुरू झालेला. विक्री वाढली याचं श्रेय नुसती तारीख बघून 649 ला देता येत नाही.

इथे एक छोटा हिशेब करायला हवा. जुन्या दरानं 699 मध्ये कर वगळता तुमच्या हाती 624.11 रुपये होते. त्यावर 5 टक्के लावले की 655.31 होतात. म्हणजे तुम्ही 50 रुपये कमी केलेत त्यातले सुमारे 44 कराचे होते आणि फक्त 6 तुमच्या खिशातले. नोंदीत या दोन ओळी हव्यात: ‘699 ते 655, करकपात’ आणि ‘655 ते 649, आमचा निर्णय’. पहिली कपात स्टीलच्या भांड्यांच्या सगळ्याच विक्रेत्यांना लागू होती, त्यामुळे स्पर्धकांच्या तुलनेत तिनं तुम्हाला फारसं पुढे नेलं नसणार.

मग वेगळं कसं करायचं? त्यासाठी जोडीदार वस्तू लागते. तुमच्याच दुकानातली, त्याच धाटणीची, त्याच सणाला खपणारी एक वस्तू निवडा आणि तिच्या लिस्टिंगला त्या काळात हात लावू नका. समजा तुमचा स्टीलचा पोळ्यांचा डबा आहे. त्याची किंमत फक्त करापुरती 899 वरून 843 झाली, बाकी सगळं तसंच. दोघांचे आठवडे शेजारी ठेवा:

```
आठवडा             मसाला डबा       पोळ्यांचा डबा
                  भेटी   नग       भेटी   नग
08–14 सप्टेंबर     490    29       410    25
15–21 सप्टेंबर     640    38       415    24
22–28 सप्टेंबर    1180    92       770    51
27 ऑक्टो–2 नोव्हें   560    33       360    21
```

आधी फोटो. 16 तारखेला तो पानावर आला. त्या आठवड्यात मसाला डब्याच्या भेटी 490 वरून 640 झाल्या, पोळ्यांचा डबा जिथल्या तिथे. दोन्ही आठवडे पितृपक्षातलेच, म्हणून सणाचा प्रश्न नाही. रूपांतर दोन्ही आठवड्यांत सुमारे 5.9 टक्के. भावानं लिहिलेली अपेक्षाही हीच होती: भेटी वाढतील, रूपांतर तेवढंच राहील. जाहिरातीचं बजेट त्या आठवड्यात वाढवलेलं नसेल, तर ही वाढ फोटोची मानायला चांगला आधार आहे.

हे नुसत्या विक्रीत दिसलं नसतं, हेही बघा. नग 29 वरून 38 झाले. फरक 9. इतक्या लहान आकड्यांत योगायोगानंच किती फरक पडतो याचा एक ढोबळ अंदाज असतो: दोन्ही आकड्यांची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. शीटमध्ये `=2*SQRT(B2+C2)`. इथे उत्तर सुमारे 16 येतं. फरक 9 म्हणजे योगायोगाच्या आतच. भेटींना हेच सूत्र लावलं तर मर्यादा 67 येते आणि फरक 150 आहे, तो स्पष्ट बाहेर पडतो. भेटींवर बाहेरच्या गोष्टींचा परिणाम जास्त होतो, म्हणून त्यांच्याबाबतीत हे सूत्र एकटं पुरेसं नाही, जोडीदार वस्तूही स्थिर हवी. इथे ती स्थिर आहे.

आता 22 चा आठवडा. मसाला डब्याच्या भेटी 1.84 पट झाल्या, पोळ्यांच्या डब्याच्या 1.86 पट. म्हणजे भेटींतली ही उडी जवळपास पूर्ण सणाची आणि सेलची. रूपांतर मात्र मसाला डब्याचं 5.9 वरून 7.8 झालं आणि जोडीदाराचं 5.8 वरून 6.6. जोडीदाराएवढीच वाढ झाली असती तर मसाला डब्याचं रूपांतर 6.8 टक्के झालं असतं आणि सुमारे 80 नग गेले असते. गेले 92. वरचे 12 नग तुमच्या जादा सहा रुपयांचे, की 649 हा आकडा डोळ्यांना बरा दिसतो त्याचे, की निव्वळ योगायोगाचे? 92 नगांच्या आठवड्यात 12 नगांचा फरक सहज होऊ शकतो. म्हणून या ओळीपुढे मी ‘अनिर्णित’ लिहीन. हा शब्द लिहायला लाजू नका. वर्षाच्या शेवटी तुमच्या शीटमध्ये निम्म्या ओळी अनिर्णित असतील, आणि त्या तशा लिहिलेल्या असल्या तरच उरलेल्या निम्म्यांवर विश्वास ठेवता येतो.

दिवाळीनंतरचा आठवडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तुमची भीती तिथली आहे. भेटी 1180 वरून 560. नुसतं हे बघितलं तर पान पडलं असं वाटतं. पण दोन वस्तूंच्या भेटींचं गुणोत्तर काढा. फोटो बदलण्याआधी 490 भागिले 410, म्हणजे 1.20. फोटोनंतर 1.54. सेलमध्ये 1.53. दिवाळीनंतर 1.56. फोटोनं मिळवलेली आघाडी जशीच्या तशी टिकलेली आहे, उतरला तो हंगाम. रूपांतरही 5.9 वर, म्हणजे पितृपक्षात होतं तिथेच, आणि जोडीदारही आपल्या जुन्या जागी. धनत्रयोदशी 18 ऑक्टोबरला झाली, भांड्यांची खरेदी तेव्हा होऊन गेली. अशा चित्रात जुना फोटो परत लावलात तर भेटी आणखी पडतील आणि तुम्ही त्याचाही दोष मंदीला द्याल.

तुमचं खरं चित्र वेगळं निघू शकतं. फोटोनंतर गुणोत्तर हललंच नसेल तर फोटोचा परिणाम नाही, ठेवा किंवा काढा. गुणोत्तर दिवाळीनंतर 1.20 च्या खाली गेलं असेल तर लिस्टिंगमध्ये किंवा तिच्याभोवती काहीतरी बिघडलं आहे. तेव्हा तिसरं पान उघडायचं: बटण तुमच्याकडे किती टक्के होतं, डिलिव्हरीची तारीख काय दिसत होती, शीर्षक दुसऱ्या कुणी बदललं का, रिव्ह्यू कोणता वर आला.

शीर्षकाचं या आकड्यांवरून सांगता येणार नाही. ते 9 सप्टेंबरला बदललं, म्हणजे त्याआधीचा आठवडा गणेशोत्सवाचा आणि नंतरचा पितृपक्षाचा. तुलनेला स्वच्छ जोडी नाही. पण एक बाजूचा पुरावा असतो. शीर्षकात तुम्ही नवा शब्द घातला असेल, समजा आधी फक्त ‘स्पाइस बॉक्स’ होतं आणि आता ‘मसाला डबा’ही आहे, तर ऑटो जाहिरातीच्या शोधशब्दांच्या अहवालात त्या शब्दावर आधी डबा दाखवला जात होता का आणि आता जातो का ते बघा. शब्द नव्यानं यायला लागला असेल तर शीर्षकाचं काम निदान पहिल्या कडीपर्यंत पोचलं आहे. जुन्या तारखांचा हा अहवाल कायम मिळत राहत नाही, म्हणून दर महिन्याला उतरवून ठेवा. जाहिरातीतून आलेल्या विक्रीचा आकडा मात्र लगेच वाचू नका. क्लिकनंतर सात दिवसांपर्यंतची खरेदी त्या क्लिकच्या खात्यावर येते, त्यामुळे कालच्या आठवड्याचा आकडा अजून भरत असतो.

तपासणीची तारीख किती दिवसांनी ठेवायची हे तुमच्या खपावर अवलंबून. आठवड्याला 42 नग जात असतील आणि बदलानंतर 55 झाले, तर फरक 13 आणि योगायोगाची मर्यादा सुमारे 20. काही सांगता येत नाही. हाच वेग टिकला आणि चार आठवड्यांची चार आठवड्यांशी तुलना केली, म्हणजे 168 विरुद्ध 220, तर फरक 52 आणि मर्यादा 39. आता सांगता येतं. म्हणजे दिवसाला सहा-आठ नग खपणाऱ्या दुकानात दर आठवड्याला एक बदल करणं म्हणजे कुठल्याच बदलाचं उत्तर कधीही न मिळणं. भेटींवर परिणाम करणारे बदल दोन आठवड्यांत वाचता येतात, कारण आकडे मोठे असतात. रूपांतरावर परिणाम करणाऱ्यांना चार द्या.

विक्री वाढवणाऱ्या प्रत्येक बदलाची दुसरी तपासणी महिना-दीड महिन्यानं करा, परत आलेल्या मालासाठी. मसाल्याच्या डब्याचा मुख्य फोटो जवळून काढला की डबा मोठा वाटतो, भेटी वाढतात, आणि मग ‘लहान आहे’ म्हणून परत येतो. परतावा ज्या दिवशी आला त्या दिवसाखाली लिहू नका, तो नग ज्या दिवशी मागवला होता त्या आठवड्यात मोजा. तरच तो कोणत्या फोटोच्या काळातला आहे ते कळतं. परताव्याचं कारणही जसं आलं तसं लिहा. ‘लहान’ हा शब्द नव्या फोटोनंतरच वाढला असेल तर फोटो काढून टाकण्यापेक्षा दुसऱ्या फोटोत डब्याचा व्यास सेंटीमीटरमध्ये घाला, ही नोंदीतली पुढची ओळ.

मागचं सगळं हरवलं असंही नाही. `Business Reports` मध्ये साधारण दोन वर्षं मागे जाता येतं, आठवडा-आठवडा निवडून उतरवता येतं. किंमत कधी बदलली ते ऑर्डरच्या अहवालातल्या `item-price` रकान्यातून दिवसागणिक कळतं, किंवा तुमच्या जीएसटीच्या बिलांतून. फोटो केव्हा बदलला त्याचा अंदाज फाइलच्या तारखेवरून आणि भावाशी झालेल्या व्हॉट्सअ‍ॅप संभाषणावरून लागतो. या जुळवलेल्या ओळींपुढे ‘अंदाजे’ असा शेरा आणि पुरावा कशाचा ते लिहा, म्हणजे त्या पक्क्या ओळींत मिसळणार नाहीत.

पुढच्या वर्षीची तुलना करताना इंग्रजी तारखेला इंग्रजी तारीख लावू नका. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून पुढचे सगळे सण उशिरा येतात: गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला, घटस्थापना 11 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. 2025 चा 22 ते 28 सप्टेंबर हा घटस्थापनेचा आठवडा होता, 2026 मध्ये त्याच तारखांत अनंत चतुर्दशी आणि पितृपक्षाची सुरुवात येते. तारखेला तारीख लावली तर विक्री कोसळलेली दिसेल आणि तुम्ही चांगल्या चाललेल्या लिस्टिंगमध्ये दुरुस्त्या करायला बसाल. आठवड्यांच्या पानावर एक रकाना ‘घटस्थापनेपासून कितवा आठवडा’ असा जोडा, आणि दोन वर्षांची तुलना त्या रकान्यावरून करा.

649 चं उत्तर हवंच असेल तर ते दोन सणांच्या मधल्या शांत काळात शोधा. चार आठवडे 649, चार आठवडे 655, दोन्हींत जाहिरातीचं बजेट तेवढंच, पोळ्यांच्या डब्याला हात नाही, आणि भावाला आधीच सांगून ठेवलेलं की या आठ आठवड्यांत शीर्षक आणि फोटोला कुलूप आहे.